रिस्क रजिस्टर आणि इश्यू लॉग: दोन वह्यांमागची पार्श्वभूमी

ब्रिटिश सरकारच्या संगणक विभागाने 1989 मध्ये प्रिन्स ही प्रकल्प व्यवस्थापनाची पद्धत आणली आणि 1996 मध्ये तिचे सर्वसाधारण रूप, प्रिन्स-2, आले. संभाव्य धोक्यांच्या नोंदी तिथे रिस्क लॉगमध्ये आणि समोर आलेल्या प्रश्नांच्या नोंदी इश्यू लॉगमध्ये, अशा वेगवेगळ्या ठेवल्या जात. 2009 च्या आवृत्तीत या दोन्ही ‘लॉग’ना ‘रजिस्टर’ म्हटले गेले. पीएमआय या प्रकल्प व्यवस्थापनातल्या अमेरिकी संस्थेचे मार्गदर्शक मात्र आजही ‘इश्यू लॉग’ म्हणते, म्हणून कार्यालयांत दोन्ही नावे कानावर पडतात.

नावापेक्षा महत्त्वाचा आहे तो काळातला फरक. जोखीम म्हणजे घडेल किंवा न घडेल अशी गोष्ट; तिच्यापुढे शक्यता लिहिता येते. इश्यू घडून गेलेला किंवा अटळ ठरलेला असतो. तिथे शक्यतेचा रकाना निरर्थक ठरतो आणि निर्णय कोण, कधीपर्यंत घेणार हेच विचारायचे उरते. ‘टेस्टर कमी आहेत’ ही नोंद रिस्क रजिस्टरमध्ये सर्रास सापडते, पण तो इश्यू आहे. त्यातून चाचणी लांबण्याची जी शक्यता निर्माण होते, ती जोखीम.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. नवे सर्व्हर 15 जूनला यायचे आहेत. उशीर होण्याची शक्यता 30 टक्के आणि झालाच तर 20 दिवसांचा, म्हणून रजिस्टरमध्ये अपेक्षित फटका 6 दिवसांचा दिसतो. सोबत इशाऱ्याची खूण लिहिलेली आहे: 25 मेपर्यंत माल पाठवल्याची सूचना आली नाही, तर पुरवठादाराकडून लेखी तारीख मागायची. 25 मे उलटला, सूचना नाही. शक्यता 70 टक्क्यांवर न्यावी लागते, तरी ती अजून जोखीमच आहे.

28 मे रोजी पुरवठादार लेखी कळवतो की सर्व्हर 5 जुलैला येतील. जोखमीचा इश्यू होतो तो याच दिवशी, 15 जूनला नव्हे. ठरलेली तारीख उलटेपर्यंत थांबणारे गट इथे 18 दिवस हकनाक घालवतात, आणि भाड्याने सर्व्हर मिळवण्याची संधी बहुधा त्याच दिवसांत असते. फटकाही आता 6 नव्हे, पूर्ण 20 दिवसांचा धरायचा, कारण सरासरीचा आधार संपला.

त्या दिवशी जोखमीची नोंद ‘घडली’ म्हणून बंद करतात, पुसत नाहीत. तिच्यात इश्यूचा क्रमांक लिहितात, इश्यूतही जोखमीचा क्रमांक लिहितात, आणि आधी ठरवलेली पर्यायी योजना, इथे भाड्याचे सर्व्हर, मंजुरीसाठी पुढे जाते. जोखमीवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला खर्च मंजूर करण्याचा अधिकार नसेल, तर इश्यूचा मालक बदलावा लागतो. हे राहून गेले की नोंद ‘शक्यता 95 टक्के’ अशी रजिस्टरमध्ये पडून राहते. आठवड्याच्या बैठकीत ती वाचली जाते, पण कोणाकडेच काम सोपवले जात नाही.

भाड्याचे सर्व्हर आले की त्यांची रचना मूळ मागणीशी न जुळण्याची शक्यता उभी राहते. ती मात्र नव्या क्रमांकाने पुन्हा रिस्क रजिस्टरमध्येच नोंदवायची.