कुणी बोलतच नाही तर स्क्रिप्ट कशाला? : या वादाची पार्श्वभूमी

ठाणे-वाशी पट्ट्यात अ‍ॅनिमेशन शिकणारी पोरं शेवटच्या वर्षाच्या फिल्मला बसली की हा वाद दरवर्षी नव्याने निघतो. फिल्म तीन मिनिटांची, एकही संवाद नाही, मग स्क्रिप्ट कशाला लिहायची, थेट स्टोरीबोर्ड, म्हणजे गोष्टीची एकामागोमाग एक चित्रं, काढू असं पोरांचं म्हणणं. गाईडचं म्हणणं की आधी लिहून आणा, मग पेन्सिल उचला. दोन्ही बाजूंना वाटतं आपलीच पद्धत मूळची, आणि गंमत म्हणजे दोघांकडेही इतिहासातला पुरावा आहे.

अगदी सुरुवातीला लिहिणं नव्हतंच. पॅरिसमध्ये 1908 साली खडूने काढल्यासारख्या काडी-माणसाची जी फिल्म आली ती सातशेच्या आसपास चित्रांची, दोन मिनिटांच्या आतली, आणि तिच्यात एका चित्रातून पुढचं चित्र उगवत जातं, बाटलीचं फूल होतं, फुलाचा हत्ती. तिथे गोष्ट अशी नाही, त्यामुळे स्क्रिप्टचा प्रश्नच येत नाही. त्यानंतरचा मूकपटांचा काळ लोक बिनशब्दांचा समजतात पण तो तसा नव्हता, मध्ये मध्ये मजकुराच्या पाट्या यायच्या, कार्टूनमध्ये तर कॉमिकसारखे फुगेसुद्धा काढायचे. पाट्या जवळजवळ सगळ्या काढून टाकायचं धाडस 1924 साली एका जर्मन फिल्मने केलं, मोठ्या हॉटेलच्या दारावरच्या म्हाताऱ्याची गोष्ट, अख्ख्या फिल्ममध्ये निवेदनाची पाटी एकच. ती अ‍ॅनिमेशन नाही, पण तिच्या पटकथालेखकाची लिहायची पद्धत माझ्या मते आपल्या विषयाचा खरा पूर्वज आहे. तो छोटी, तुटक वाक्यं लिहायचा, कधी एका शब्दाची ओळ, आणि वाचताना कॅमेरा कुठे थांबेल ते ओळ तुटते तिथून कळायचं. म्हणजे संवाद नसताना कागद उपयोगी पडतो हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

पण कार्टूनवाले त्या वाटेने गेले नाहीत. 1928 च्या सुमारास आवाज आला आणि अमेरिकन स्टुडिओंमध्ये स्क्रिप्टच्या जागी आली बार शीट, म्हणजे संगीताच्या मात्रांचा तक्ता. सेकंदाला 24 फ्रेम, 12 फ्रेमला एक ठोका धरला तर सेकंदाला दोन ठोके, पात्राचं एक पाऊल एका ठोक्यावर, आणि पडणं, आपटणं, डोळे विस्फारणं हे कुठल्या ठोक्यावर ते त्या तक्त्यात भरायचं. अ‍ॅक्शनला वेळ असतो आणि तो लिहिता येतो, ही गोष्ट इथून आली. मग 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला स्टोरीबोर्ड आला. भिंतीवरच्या बोर्डाला चित्रं टाचण्यांनी लावायची, एक माणूस छडी घेऊन समोर उभा राहून अख्खी गोष्ट करून दाखवणार, बाकीचे हसले नाहीत तर ते चित्र काढून फेकायचं. पुढची वीसेक वर्षं छोटी कार्टून्स बहुतेक अशीच बनली, आणि आपली पोरं "मोठ्या स्टुडिओत स्क्रिप्ट नव्हतीच" म्हणतात ते याच काळाबद्दल.

ते खरं आहे पण अर्धं. त्या स्टुडिओंमध्ये गोष्ट रचायला पगारी माणसांनी भरलेली खोली होती, आणि पात्रं आधीच लोकांच्या ओळखीची होती. मांजर उंदराच्या मागे लागणार हे बघणाऱ्याला थिएटरात शिरायच्या आधीच माहीत, त्यामुळे बोर्डवर फक्त कसं ते ठरवायचं होतं. नेरूळच्या फ्लॅटमध्ये एकटी बसून फिल्म करणारी मुलगी ज्या पात्राला कुणी ओळखत नाही त्याची गोष्ट सांगतेय, तिच्यासमोर हसणारी-न हसणारी खोलीही नाही. तिने तीच पद्धत उचलायची म्हणजे खोली वगळून फक्त टाचण्या उचलण्यासारखं आहे.

लिहिणं परत आलं ते दोन वाटांनी. टीव्हीच्या कार्टूनमध्ये हालचाल कमी आणि बडबड जास्त, आवाज आधी रेकॉर्ड करायचा म्हणून टाईप केलेली स्क्रिप्ट आली, ती आपल्या कामाची नाही. दुसरी वाट जास्त महत्त्वाची. 1950 च्या दशकात कॅनडा, झाग्रेब, प्राग इकडे लेखक-दिग्दर्शक एकच असलेल्या छोट्या फिल्म बनायला लागल्या, 1960 पासून फ्रान्समध्ये फक्त अ‍ॅनिमेशनचा महोत्सव सुरू झाला, आणि भाषा न बदलता फिल्म कुठेही लागावी म्हणून संवाद टाळणं ही सोय झाली. या फिल्मना पैसा सरकारी किंवा अनुदानाचा, आणि अनुदान देणारी कमिटी चित्रं बघण्याआधी कागद मागते. आपल्याकडे सरकारी कार्टून विभाग 1956 सालचा, तिथेही आधी विषय कागदावर मंजूर मग चित्रं. म्हणजे बिनशब्दांच्या फिल्मची लिखित स्क्रिप्ट ही बरीचशी पैसे मागायच्या गरजेतून वाढली, आणि तिच्यातला सगळ्यात मोठा दोषही तिथूनच आला. कमिटीला भावना वाचायला आवडतात, म्हणून स्क्रिप्टमध्ये पडद्यावर न दिसणारी वाक्यं घुसली.

खरं भांडण या वाक्यांवरून आहे, स्क्रिप्ट की बोर्ड हे त्याचं वरचं रूप. एक उदाहरण घेऊ. बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्यात घडणारी तीन मिनिटांची फिल्म आहे असं समजा. पहिल्या खर्ड्यात असं लिहिलेलं असतं: "खाडीतली मासळी कमी झाल्याने म्हातारा कोळी चिंतेत आहे. त्याला जुने दिवस आठवतात. मांजरावर मात्र त्याची माया तशीच आहे." वाचायला छान, कमिटीही मान डोलावेल, पण यातली एकही ओळ चित्रात काढता येत नाही. चित्रकार नाइलाजाने कपाळाला आठ्या काढणार, डोक्यावर आठवणीचा ढग काढणार, नाहीतर जेट्टीवर पाटी लावणार. आणि पाटी लावली की फिल्म बिनशब्दांची राहिली नाही, मराठी न वाचणाऱ्यासाठी ती संपलीच.

तीच गोष्ट दिसेल अशी लिहायची तर एक रोजचं काम पकडायचं आणि प्रत्येक वेळी त्यातली एकच गोष्ट बदलायची.

पहिली पहाट. म्हातारा टोपली पायरीवर ठेवतो. टोपली काठोकाठ. वरचा मासा मागे न बघता फेकतो. मांजर हवेत झेलतं.

दुसरी पहाट. तीच पायरी. टोपली अर्धी. मासा उचलतो, हातात तोलतो, परत ठेवतो. त्याहून लहान उचलतो. फेकतो. मांजर झेलतं.

तिसरी पहाट. टोपलीत पिशव्या, एक चप्पल, एक मासा. मासा उचलतो. थांबतो. मागे वळून बघतो. मांजर बसलेलं.

"चिंतेत आहे" हे दुसऱ्या पहाटेच्या "परत ठेवतो" मध्ये आलं, आणि "मागे वळून बघतो" याला वजन आलं कारण पहिल्या दिवशी तो न बघता फेकत होता. हे चेहऱ्यावर काढायची गरज उरत नाही. आवाजही इथेच लिहायचा, संवाद नाही म्हणजे आवाज नाही असं नाही: भरलेल्या टोपलीत मासा पडतो तो मऊ, रिकाम्यात पडतो तो टणक.

आता शेवट. बहुतेकांना पहिल्यांदा सुचतं की म्हातारा तो मासा फेकतो आणि मांजर तो तोंडात धरून परत टोपलीत आणून ठेवतं. कागदावर हे हळवं वाटतं कारण लेखकाने शेजारी "मांजराला कळतं" असं लिहिलेलं असतं. ते वाक्य खोडा आणि फक्त कृती वाचा: मांजर मासा खात नाही, परत आणून ठेवतं. बघणारा सरळ समजणार की मासा सडका आहे, आणि प्लास्टिक आधीच दाखवलंय म्हणजे नक्कीच सडका. गोष्ट मायेची होती ती प्रदूषणाची झाली. त्याऐवजी म्हाताऱ्याने कोयता काढला, मासा दोन तुकडे केला, डोकं मांजराला फेकलं, उरलेला टोपलीत ठेवला, तर दुसरा अर्थ निघायला जागाच नाही. आणि ही चूक फक्त कागदावर स्वस्तात सापडते. सेकंदाला 24 फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तर 12 चित्रं, तीन मिनिटांना 2160. शेवटाची वीस सेकंदं चुकली तर 240 चित्रं गेली.

न दिसणाऱ्या वाक्यांची बाजू घेणारेही आहेत आणि त्यांचं एक म्हणणं मला पटतं: हालचाल काढणाऱ्याला पात्राच्या मनात काय चाललंय ते माहीत हवं, नाहीतर "थांबतो" म्हणजे किती आणि कसं हे तो ठरवणार कशावरून. बरोबर आहे. पण ती माहिती पात्राच्या वेगळ्या पानावर जावी, कृतीच्या ओळीत नको, कारण ओळीत असली की वाचणाऱ्याला ती दिसल्यासारखी वाटते आणि काय कमी पडतंय ते कळत नाही. जुन्या बोर्डवाल्यांकडे हा धोका कमी होता हे मान्य करायला हवं, चित्रात "त्याला आठवतं" काढताच येत नाही. त्यांचा धोका उलटा, एकेक चित्र इतकं गोड निघतं की मधली पायरी सुटलेली लक्षात येत नाही. वरच्या गोष्टीत दुसरी पहाट सुटली तर तिसरी नुसती वाईट दिवसाची गोष्ट होते.

स्क्रिप्टच्या एका पानाला फिल्मचं एक मिनिट हा हिशेबही संवादाच्या फिल्ममधून आलेला आणि इथे तो चालत नाही. "थांबतो" ही एका शब्दाची ओळ चार सेकंद घेते, आणि "मांजर उडी मारून मासा झेलून पायरीवरून खाली पळतं" ही अख्खी ओळ दीडमध्ये संपते. म्हणून गेल्या काही वर्षांत इकडच्या बऱ्याच क्लासमध्ये दोन रकान्यांचा कागद आलाय, डावीकडे दिसतं ते, उजवीकडे ऐकू येतं ते, कडेला सेकंद, आणि सेकंद भरायचे ते मोबाईलवर स्टॉपवॉच लावून स्वतः ती कृती करून. बघायला गेलं तर ही जुनी बार शीटच, फक्त मात्रांच्या जागी सेकंद.

आता अ‍ॅनिमॅटिक म्हणजे बोर्डची चित्रं वेळेप्रमाणे लावलेला कच्चा व्हिडिओ, तो लॅपटॉपवर एका संध्याकाळीत बनतो, त्यामुळे बरीच पोरं बोर्ड आधी करतात आणि सबमिशनच्या आदल्या रात्री बोर्ड बघून स्क्रिप्ट लिहून काढतात. फाईल पूर्ण दिसते, मार्कही मिळतात. पण अशा स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ओळ दिसणारीच असते कारण ती चित्रावरूनच उतरवलेली, तिच्यात खोडायला काही नसतं, आणि कोयत्याचा शेवट हवा होता की मांजराचा, हे विचारायची वेळ आधीच निघून गेलेली असते.