डीजे बुक करताना: वेग, पोत आणि तुमचा हॉल

बुकिंगच्या वेळी बहुतेक जण ‘ईडीएम वाजवा’ एवढंच सांगतात. त्यात हाउसही येतं, सायट्रान्सही येतं आणि डबस्टेपही. तिन्हींवरचा नाच वेगळा, तिन्हींना लागणारी साउंड सिस्टीमही वेगळी. म्हणून ही थोडी माहिती.

वेग बीपीएममध्ये मोजतात, म्हणजे मिनिटाला किती ठोके पडतात ते. मोबाइलवर गाणं लावा, १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. ३१ ठोके आले तर वेग १२४ च्या आसपास. हे हाउसचं घर. १९८० च्या दशकात शिकागोच्या क्लबांमध्ये, फ्रँकी नकल्ससारख्या डीजेंच्या हाताखाली हे संगीत डिस्कोतून घडलं. प्रत्येक ठोक्याला किक म्हणजे मोठ्या ड्रमचा जड आवाज, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला टाळी, दोन किकच्या मधोमध हाय-हॅट या झांजेचा आवाज. १२० ते १२८ या वेगात आजीपासून नातवापर्यंत कुणालाही ठेका धरता येतो. टेक्नो जवळच्याच डेट्रॉइटचं. किक तशीच, पण गाणं कमी आणि यंत्राचा आवाज जास्त. वेग साधारण १२५ पासून १४० पर्यंत, कधी त्याहूनही वर.

ट्रान्स १३०-१४० ला चालतो. त्यात सुरांचे लांब थर असतात, मध्येच किक थांबते आणि मिनिट-दीड मिनिट नुसते सूर चढत जातात. ही जागा माहीत नसलेले पाहुणे गाणं संपलं समजून खुर्चीवर जाऊन बसतात, हे आम्ही नेहमी पाहतो. त्यामुळे लग्नात ट्रान्स वाजवायचा तर ती जागा छोटी करूनच वाजवतो.

आता आपल्या शेजारच्या गोव्याचं. अंजुना-वागातोरच्या किनाऱ्यांवरच्या पार्ट्यांतून १९९० च्या दशकात गोवा ट्रान्स नावारूपाला आला आणि त्यातूनच पुढे सायट्रान्स निघाला. वेग साधारण १४० ते १४८. त्याची खूण बेसमध्ये आहे. एका ठोक्याचे चार भाग केले तर पहिल्या भागावर किक आणि उरलेल्या तिन्हींवर बेस, असं चौगुनीत सतत चालू असतं. १४५ च्या वेगात असा एक भाग जेमतेम एक दशांश सेकंदाचा होतो. किनाऱ्यावर, मोकळ्यावर हे स्वच्छ ऐकू येतं. पत्र्याचं छत आणि फरशी असलेल्या कार्यालयात मात्र आवाज दोन-दोन सेकंद घुमत राहतो. एक सूर विरायच्या आत पुढचे वीस येऊन आदळतात आणि बेसचा नुसता गोंगाट होतो. आवाज वाढवला की आणखी बिघडतं. हॉलमध्ये मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. ती शेपटासारखी मागे रेंगाळली, तर तिथे सायट्रान्स घेऊ नका. हाउसमध्ये ठोक्यांमध्ये मोकळी जागा जास्त असल्याने ते अशा हॉलमध्येही बऱ्यापैकी निभावतं.

नुसत्या आकड्यावर मात्र विसंबू नका. लंडनच्या दक्षिणेकडचा डबस्टेपही १४० चाच. पण त्यात स्नेअर या ड्रमचा कडक आवाज चार ठोक्यांत एकदाच, तिसऱ्यावर पडतो, म्हणून अंगाला वेग ७० चा वाटतो. लोक उड्या मारत नाहीत, डोलतात. त्याचा सगळा जीव खोल बेसमध्ये असतो, त्यामुळे मोठे सबवूफर नसतील तर अर्धं गाणं ऐकूच येत नाही. ड्रम अँड बेस १७०-१७५ चा. ‘द विन्स्टन्स’च्या १९६९ मधल्या एका गाण्यातला ड्रमचा काही सेकंदांचा तुकडा कापून, वेगाने वाजवून ब्रिटिश कलाकारांनी ज्या लयी बांधल्या, त्यांतून तो आला. ड्रम धावत असतात, खाली बेस ठाय लयीत चालतो. म्हणूनच एखादं अॅप त्याच गाण्याला १७४ ऐवजी ८७ दाखवतं. दोन्ही बरोबरच.

एक उदाहरण. संगीताचा कार्यक्रम, बंद हॉल, दोन तास, आणि शेवटी मुलांना सायट्रान्स हवा आहे. १२४ चं गाणं ओढून १४० वर नेलं तर तेरा टक्के वेग वाढतो. वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारा की-लॉक नसेल तर सूर जवळजवळ दोन स्वर-पट्ट्या वर चढतो, आणि असेल तर आवाज खरखरीत होतो. म्हणून आम्ही ११८ वर सुरुवात करतो, गाण्यागणिक एक-दोन बीपीएम वाढवत तासाभरात १२८ वर येतो. तिथून १४० ला सरळ उडी मारत नाही. किक पूर्ण थांबवतो, घोषणा किंवा नुसते सूर ठेवतो आणि मग नव्या वेगाने सुरू करतो. हॉल घुमणारा असेल तर त्या शेवटच्या भागासाठी बेस कमी करतो आणि स्पीकर भिंतीपासून पुढे ओढतो.

बुकिंगला येताना आवडीची तीन गाणी आणि हॉलचा एक फोटो घेऊन या. फोटोत छत दिसलं पाहिजे.