45 अंश आले तोफेतून, गोळा सुटतो हातातून

1531 साली इटलीतल्या व्हेरोनात एका तोफचीने आपल्या गणितज्ञ मित्राला विचारले, तोफेचे तोंड किती वर उचलले तर गोळा सर्वांत लांब जाईल? मित्राचे नाव निकोलो तार्तालिया आणि त्याचे उत्तर होते 45 अंश. पुढच्या वर्षी दोन तोफचींमध्ये यावरून पैज लागली. एकाने तोफ 45 अंशांवर लावली, दुसऱ्याने 30 अंशांवर. तार्तालियाने 1537 मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात या पैजेचे आकडे दिले आहेत. तिथल्या स्थानिक मापाने पहिला गोळा 1972 काठ्या गेला, दुसरा 1872.

गोळाफेक आणि भालाफेक शिकताना आपण जो 45 अंशांचा नियम पाठ करतो, तो असा तोफखान्यातून आलेला आहे. तार्तालियाचे उत्तर बरोबर निघाले तरी त्याच्याकडे सिद्धता नव्हती. गोळा आधी सरळ जातो, मग वळतो आणि शेवटी सरळ खाली पडतो, अशी त्याच्या काळातली समजूत होती. सिद्धता गॅलिलिओने दिली. 1638 मध्ये लायडेनला छापलेल्या ग्रंथात त्याने फेकलेल्या वस्तूची गती दोन भागांत तोडली. आडवी गती कायम राहते आणि उभी गती गुरुत्वाकर्षणामुळे बदलत जाते. दोन्ही एकत्र केल्या की मार्ग अन्वस्ताचा, म्हणजे पॅराबोलाचा होतो. 45 अंशांना पल्ला सर्वाधिक येतो आणि 45 च्या वर-खाली सारख्याच अंतरावरचे कोन, उदाहरणार्थ 40 आणि 50, सारखाच पल्ला देतात, हेही त्याने दाखवले.

या सिद्धतेत तीन गोष्टी गृहीत आहेत. वस्तू जिथून सुटली त्याच उंचीवर पडते. हवेचा अडथळा नाही. आणि कोन बदलला तरी सुटण्याचा वेग तोच राहतो. तोफेच्या बाबतीत तिसरी गोष्ट जवळपास खरी आहे, कारण नळी वर केली म्हणून दारूचा जोर कमी होत नाही. माणसाच्या हाताचे तसे नाही. गोळाफेकीत पहिली आणि तिसरी अट मोडते, भालाफेकीत मुख्यतः दुसरी आणि तिसरी. माझ्या मते हा धडा शिकवताना सर्वांत जास्त वेळ तिसऱ्या अटीला द्यायला हवा, आणि नेमकी तीच वगळली जाते.

आधी पहिली अट घेऊ. गोळा हातातून सुटतो तेव्हा तो जमिनीपासून सुमारे दोन मीटर उंच असतो. त्यामुळे सुटण्याच्या पातळीवर परत आल्यानंतरही त्याला आणखी खाली यायचे असते आणि त्या जादा वेळात आडवी गती कामाला येते. म्हणून कोन थोडा खाली आणलेला फायद्याचा ठरतो. वेग v, सुटण्याची उंची h आणि गुरुत्व त्वरण g असेल, तर सर्वोत्तम कोन या सूत्राने मिळतो:

sin θ = v / √(2v² + 2gh)

समजा एका तरबेज खेळाडूचा वेग सेकंदाला 13 मीटर आहे आणि गोळा 2.1 मीटर उंचीवरून सुटतो. सर्वोत्तम कोन सुमारे 42 अंश येतो आणि फेक 19.23 मीटर. त्याच वेगाने 45 अंशांवर 19.14 मीटर. आता नवशिक्या पाहा. वेग 9 मीटर, उंची 1.9 मीटर. त्याची फेक दहा मीटरच्या जवळ जाते आणि सर्वोत्तम कोन 40 अंशांहूनही किंचित कमी येतो. वेग जितका कमी, तितका उंचीचा वाटा मोठा आणि कोन तितका खाली. नवशिक्याला ‘अजून वर फेक’ असे सांगणे म्हणूनच उलटे पडते.

पण मोठ्या स्पर्धांतल्या फेकींचे मोजमाप केले, तर कोन 42 ही नसतो. तो बहुधा 35 ते 38 अंशांच्या आसपास असतो. या फरकाचे कारण तिसऱ्या अटीत आहे. पुरुषांचा गोळा 7.26 किलोचा असतो. तो जितका उभ्या दिशेने ढकलायचा, तितकी जास्त ताकद त्याला उचलण्यात जाते आणि वेग वाढवायला कमी उरते. शिवाय छाती आणि खांदा समोर ढकलण्यात जितके बलवान असतात तितके डोक्यावर ढकलण्यात नसतात. व्यायामशाळेत निजून जितके वजन ढकलता येते, तितके उभ्याने डोक्यावर नेता येत नाही, त्याचे कारण हेच. म्हणून कोन खाली आला की वेग वाढतो.

वरच्याच खेळाडूने कोन 42 वरून 37 वर आणला आणि वेग तोच राहिला, तर फेक 19.01 मीटर होते. तोटा 22 सेंटीमीटरचा. हा तोटा भरून काढायला वेगात सेकंदाला 10 सेंटीमीटरचीही वाढ लागत नाही. आणि वेग 13 वरून 13.5 झाला, तर 37 अंशांवरच फेक 20.33 मीटर जाते. कोनातली पाच अंशांची चूक वीस-बावीस सेंटीमीटर घेते आणि वेगातला अर्धा मीटर सव्वा मीटरहून जास्त देतो. प्रत्येकाची ताकद आणि तंत्र वेगळे असल्याने प्रत्येकाचा सर्वोत्तम कोनही वेगळा असतो.

कोन खरोखर किती आहे हे डोळ्यांना कळत नाही, पण मोबाइलने कळते. मोबाइल फेकीच्या दिशेला काटकोनात, स्थिर ठेवायचा. सेकंदाला 30 फ्रेमच्या चित्रणात हात सुटल्यानंतरच्या लागोपाठ दोन फ्रेम घ्यायच्या आणि गोळ्याच्या मध्यावर खूण करायची. 13 मीटर वेगाचा गोळा 37 अंशांवर गेला असेल, तर दोन खुणांमध्ये आडवे अंतर सुमारे 35 सेंटीमीटर आणि उभे 26 दिसेल. उभ्या अंतराला आडव्याने भागले की कोनाचा टॅन्जंट मिळतो. मोबाइल तिरका धरला तर आडवे अंतर आखूड दिसते आणि कोन खोटाच मोठा येतो.

भाल्याकडे वळताना व्हेरोनातली पैज पुन्हा आठवते. गॅलिलिओच्या सूत्राने 30 अंशांचा पल्ला 45 च्या पल्ल्यापेक्षा 13 टक्के कमी यायला हवा, पण तार्तालियाच्या आकड्यांत तो जेमतेम 5 टक्के कमी आहे. वेगवान वस्तूला हवा अडवते आणि सर्वोत्तम कोन खाली खेचते. भाल्याच्या बाबतीत हवा त्याला थोडा उचलूनही धरते. त्यातच धावेतून आलेला वेग आडवा असतो. त्यामुळे भाला साधारण 32 ते 36 अंशांच्या आसपास सुटतो.

हवेचा हा वाटा किती मोठा आहे, ते 1984 मध्ये दिसले. पूर्व जर्मनीच्या उवे होनने 104.80 मीटर भाला फेकला. मैदानात जागा अपुरी पडू लागली होती आणि जुने भाले आडवे पडत असल्याने टोक आधी टेकले की नाही, यावरून वाद होत. 1986 पासून पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य 4 सेंटीमीटर पुढे नेण्यात आला. उचल धरणाऱ्या हवेचा दाब आता गुरुत्वमध्याच्या मागे पडू लागला, टोक लवकर खाली झुकू लागले आणि अंतरे घटली. त्या वर्षी नव्या भाल्याचा विक्रम 85.74 मीटरचा झाला. महिलांच्या भाल्यात असा बदल 1999 मध्ये आला. आज यान झेलेझनीचे 1996 मधले 98.48 मीटर हा नव्या भाल्याचा विक्रम आहे.

म्हणून भाल्यात दोन कोन मोजावे लागतात. एक, भाला ज्या दिशेने निघाला त्या मार्गाचा. दुसरा, भाल्याच्या दांड्याचा. दोघांत मोठा फरक पडला, म्हणजे टोक मार्गापेक्षा बरेच वर राहिले, की भाला हवेला पोट दाखवतो आणि लवकर मंदावतो. फेकताना हात खांद्याखाली घसरला किंवा मनगट मागे पडले की हे होते. बाजूने घेतलेल्या चित्रणात भाला सुटल्यानंतरच्या फ्रेममध्ये पकडीच्या दोरीवर खुणा करून मार्गाची रेघ ओढली आणि शेजारी दांड्याची रेघ ओढली, की फरक लगेच दिसतो.