मांजराच्या मुतखड्याचा आहार: पिशवी नेण्याआधी हे वाचा

आमच्या दवाखान्यात रोज एक तरी फोन असा येतो: "डॉक्टर, तुम्ही दिलेलं महागाचं खाणं महिनाभर घातलं, तरी खडा तसाच आहे." फोनवर पाच मिनिटांत हे समजावता येत नाही आणि बाहेर ओळीत बसलेल्यांचा खोळंबा होतो. म्हणून हा कागद. आहाराच्या पिशवीसोबत तो घरी न्या आणि फ्रिजवर लावा. मांजराला जो जो खायला घालतो, त्या प्रत्येकाने वाचायला हवा.

आधी एक गोष्ट, आहाराशी संबंध नसलेली. बोका लिटर बॉक्समध्ये वारंवार बसतोय, कुंथतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाही, तर ती बद्धकोष्ठता नव्हे. एरंडेल पाजत बसू नका. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. खड्याने किंवा स्फटिकांच्या चिकट बुचाने तो बंद झाला की रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं. असं दिसलं की रात्र असली तरी निघा. आम्ही बंद असलो तर जो दवाखाना उघडा असेल तिथे न्या.

सगळे खडे विरघळत नाहीत

मांजरांत मुख्यतः दोन प्रकारचे खडे सापडतात. स्ट्रुव्हाइट हा मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा खडा. लघवी पातळ आणि आम्लधर्मी ठेवली तर तो विरघळतो. कुत्र्यांत तो बहुधा जंतुसंसर्गामुळे होतो, मांजरांत मात्र बहुतेक वेळा संसर्ग नसतोच. त्यामुळे नुसतं अँटिबायोटिक देऊन तो जात नाही. दुसरा कॅल्शियम ऑक्झलेटचा. तो कोणत्याही आहाराने विरघळत नाही, काढावाच लागतो. आहार आणि पाणी तिथे पुढचा खडा होऊ नये म्हणून.

एक्स-रेवर दोन्ही पांढरेच दिसतात. म्हणून लघवी तपासल्याशिवाय आम्ही आहाराची पिशवी देत नाही. काहींना हा पैसे काढायचा मार्ग वाटतो. पण ऑक्झलेटच्या खड्यावर स्ट्रुव्हाइटचं खाणं दोन महिने घालून मग ऑपरेशन करायचं, यात पैसेही जास्त जातात आणि मांजरही जास्त सोसतं.

नमुना आणताना तो ताजा आणा, शक्यतो तासाभरात. काल रात्रीची लघवी फ्रिजमध्ये ठेवून आणली की थंडीने बाटलीतच स्फटिक तयार होतात, जे मांजराच्या पोटात कधी नव्हतेच. असा नमुना आम्ही परत करतो, राग मानू नका. लिटर बॉक्स रिकामा धुऊन, कोरडा करून ठेवला तर बरीच मांजरं त्यातच करतात. ज्यांना जमत नाही, त्यांच्या मांजराची लघवी आम्ही इथे सुईने घेतो. आणि लघवीत थोडे स्फटिक निघाले म्हणजे लगेच आजार असंही नाही. धडधाकट मांजरांतही ते दिसतात. लघवीला त्रास असलेल्या बऱ्याच मांजरांत तर खडा नसतोच, ताणामुळे मूत्राशयाला सूज आलेली असते.

"थोडंसंच दिलं हो"

आता मुख्य चूक. मन्याची गोष्ट सांगतो (मांजराचं नाव बदललंय). पाच वर्षांचा, नसबंदी झालेला, ५.४ किलोचा पिवळा बोका. दिवसातून दहा वेळा बॉक्समध्ये बसायचा, चार थेंब, तेही लालसर. एक्स-रेमध्ये मूत्राशयात ७ मिलिमीटरचा एक गोल खडा. लघवीचा पीएच ७.५, घनता १.०५२ आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेटीच्या झाकणासारखे स्फटिक. सगळ्या खुणा स्ट्रुव्हाइटच्या. मूत्रमार्ग मोकळा होता, मूत्रपिंडं ठीक होती. म्हणून ऑपरेशन न करता विरघळवायचं ठरवलं. विरघळवायच्या आहाराने मांजराचा स्ट्रुव्हाइट साधारण दोन ते चार आठवड्यांत जायला हवा.

तीन आठवड्यांनी एक्स-रे काढला. खडा ७ मिलिमीटरच, पीएच ७. आम्ही विचारलं, "दुसरं काही खातो का?" बाईंनी ठामपणे सांगितलं, "नाही डॉक्टर, फक्त तुमचंच." सोबत आलेली आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "आजी सुकट देते की."

आजींना फोन लावला. त्यांच्या मते चिमूटभर. घरच्या काट्यावर मोजायला सांगितलं, तर एक चिमूट ८ ग्रॅम भरली, आणि अशा दिवसातून चार. ३२ ग्रॅम सुकट म्हणजे मन्याच्या दिवसभराच्या खाण्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तेवढंच त्याचं औषधी खाणं वाटीत उरत होतं आणि घरातल्यांना वाटत होतं, त्याला ते आवडत नाही.

इथे एक गोष्ट समजून घ्या. आहार हे गोळीसारखं औषध नाही, की पोटात गेली म्हणजे काम झालं. खडा विरघळतो तो लघवीत. मीठ पाण्यात विरघळायचं तर त्या पाण्यात आणखी मीठ सामावायला जागा हवी. तसंच लघवीत मॅग्नेशियम आणि फॉस्फेट कमी असतील आणि ती पुरेशी आम्ल असेल, तरच खड्यातला माल बाहेर येऊन विरघळतो. सुकटीत काटे आणि कवचांसकट खनिजं येतात. ती लघवीत उतरली की काही तासांसाठी तराजू उलटा फिरतो. दिवसातून चार वेळा असं झालं तर सकाळी जेवढं विरघळलं तेवढं संध्याकाळी परत बसतं. म्हणून तीन आठवड्यांचा खर्च होऊनही खडा जागचा हलला नाही.

आजींनी सुकट बंद केली (मन्याने दोन दिवस घर डोक्यावर घेतलं). अठरा दिवसांनी खडा २ मिलिमीटर. पुढच्या दहा दिवसांत एक्स-रे स्वच्छ, घनता १.०२६. त्यानंतर आणखी महिनाभर तेच खाणं चालू ठेवायला सांगितलं, कारण एक्स-रेवर न दिसणारा बारीक चुरा उरलेला असू शकतो. या काळात खडा लहान होऊन मूत्रमार्गात अडकायचाही धोका असतो, म्हणून बोक्याची लघवी रोज होते की नाही ते बघणं सोडायचं नाही.

चार आठवडे सगळं काटेकोर पाळूनही खडा लहान झाला नाही, तर तो स्ट्रुव्हाइट नाही असं आम्ही धरतो आणि काढायचा विचार करतो. पण हा निष्कर्ष आहार खरोखर पाळला असेल तरच लागू. म्हणून आम्ही खोदून खोदून विचारतो. बिस्किटाचा तुकडा, दूध, ट्रीट, शेजारच्या काकूंकडचं बोंबील, दुसऱ्या मांजराच्या वाटीतलं ड्राय फूड, सगळं सांगा. रागावणार नाही.

घरचे उपायही लपवू नका. कुळथाचं कढण माणसांसाठी ठीक, मांजराचा खडा त्याने जात नाही. पानफुटीचा रस मात्र मुळीच नको, त्यातली द्रव्यं मांजराच्या हृदयाला विषारी असतात. लघवीच्या जळजळीवर माणसं घेतात ते सिरप लघवी अल्कली करतं, म्हणजे स्ट्रुव्हाइटला खतपाणीच घालतं. पॅरासिटामॉल तर मांजराच्या जिवावर बेततं.

पाणी वाटीतून कमी, खाण्यातून जास्त

मांजर मुळात कमी पाणी पिणारा प्राणी. ४ किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागतं, खाण्यातलं धरून. ६० ग्रॅम कोरड्या गोळ्यांतून ६ मिलिलिटरच मिळतं आणि उरलेली तूट ते वाटीतून पुरती भरून काढत नाही. ओल्या खाण्याची ८५ ग्रॅमची तीन पाउच खाल्ली तर त्यातूनच २०० मिलिलिटरच्या आसपास पाणी जातं. म्हणून आम्ही पाउचवर भर देतो. त्यात आमचा नफा जास्त आहे असं नाही. खरं तर पिशवी विकणं सोपं, पाउच ठेवायला जागा लागते.

सगळं पाउचवर परवडत नसेल तर त्याच आहाराच्या गोळ्या आणि पाउच मिळून द्या. फक्त दोन्ही एकाच प्रकारचे हवेत. पाउच रिकामं झालं की त्यात दोन-तीन चमचे कोमट पाणी घालून हलवा आणि तेही वाटीत ओता. गोळ्या भिजवून देता येतात, पण पावसाळ्यात तासाभराने उरलेलं टाकून द्या. पाण्याची वाटी पसरट ठेवा, मिशा कडेला घासणार नाहीत अशी, आणि लिटर बॉक्सपासून लांब. चिकन उकडलेलं पाणी द्यायचं असेल तर आम्हाला विचारूनच, आणि त्यात कांदा, लसूण, मीठ नको.

पाणी पोचतंय की नाही हे लिटरमध्ये कळतं. लघवीचे गोळे आधीपेक्षा मोठे आणि फिकट व्हायला हवेत. आम्ही इथे घनता मोजतो, ती १.०३० च्या आसपास किंवा खाली आली की समाधान.

नवं खाणं चार-पाच दिवसांत जुन्यात मिसळत पूर्ण बदला. भूक लागली की खाईल, असं म्हणून मांजराला उपाशी ठेवायचं नाही. विशेषतः जाड मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर यकृतावर चरबी साचते. एक दिवस वाटीला तोंड लावलं नाही, तर दुसऱ्या दिवशी फोन करा. पिल्लं, गाभण मांजरी आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांना हा आहार आम्ही देत नाही. शेजाऱ्याच्या मांजराला चालला म्हणून तुमच्याला आणू नका.

बाहेर स्वस्त मिळालं तर तिथून घ्या, आमची हरकत नाही. पण पिशवीवर नुसतं 'युरिनरी' लिहिलेलं पुरत नाही. काही खाणी खडा होऊ नये म्हणून असतात, काहीच तो विरघळवायला. फोटो पाठवा, बघून सांगू. आमच्याकडे पहिल्या आठवड्यासाठी लहान पिशवी आणि सुटी पाउच मिळतात. मांजराने तोंडच लावलं नाही तर न फोडलेली पाउच परत घेतो, फोडलेली नाही.

पुढच्या एक्स-रेची तारीख या कागदाच्या मागे लिहिली आहे. येताना वाटीत उरलेल्या खाण्याचा अंदाज सांगा, आणि शक्य असेल तर आजींनाही घेऊन या.