मॅन्युअलवरून ऑटोला टाकलं की व्हॉल्व्ह उडी का मारतो

अंधेरीच्या एका लाँड्रीत गरम पाण्याची टाकी आहे, आत स्टीमची कॉइल आणि स्टीमच्या लाइनवर कंट्रोल व्हॉल्व्ह. तिथला ऑपरेटर मला म्हणाला, "साहेब, ऑटोला टाकलं की व्हॉल्व्ह झटका मारतो, म्हणून मी मॅन्युअललाच ठेवतो." त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि चूक व्हॉल्व्हची नव्हती, प्रोग्रामची होती.

सेटपॉइंट ८० अंश, टाकी ७८ वर, म्हणजे एरर २. ट्रान्समीटर ० ते १०० अंशांचा, त्यामुळे १ अंश म्हणजे १ टक्का धरू. गेन २, इंटिग्रल टाइम १२० सेकंद, हिशोब दर सेकंदाला, डेरिव्हेटिव्ह बंद. व्हॉल्व्ह ४५ टक्के उघडा होता, त्यात ४ टक्के प्रपोर्शनलचे (२ गुणिले २) आणि ४१ टक्के इंटिग्रलची साठलेली बेरीज. आता स्टीम ट्रॅप तपासायचा म्हणून ऑपरेटरने मॅन्युअलला घेतलं आणि १० मिनिटं व्हॉल्व्ह ४५ वरच धरून ठेवला, टाकी तिकडे ७८ वरच. पण प्रोग्राममधली बेरीज थांबलीच नव्हती ना! दर सेकंदाला २ × २ ÷ १२० म्हणजे साधारण ०.०३३ टक्के चढत होते, ६०० सेकंदांत झाले २०. ऑटोचं बटण दाबलं की कंट्रोलर म्हणतो ६१ अधिक ४, व्हॉल्व्ह ६५ वर ठेवा. ४५ वरून ६५, एका झटक्यात, आणि पाणी ८० च्या वर निघून जातं.

हा झाला पोझिशन फॉर्म, यात दर वेळी व्हॉल्व्हची पूर्ण जागा नव्याने काढतात. रिक्षावाल्याला प्रत्येक वळणावर "स्टेशनपासून पाचवी गल्ली" सांगत बसल्यासारखं, मोजणी मध्येच चुकली की रिक्षा भलतीकडे. व्हेलॉसिटी फॉर्ममध्ये सांगायचं फक्त "इथून अजून थोडं पुढे", म्हणजे आधीच्या आउटपुटमध्ये किती फरक करायचा तेवढंच काढायचं. खाली SP म्हणजे सेटपॉइंट, PV म्हणजे मोजलेलं तापमान, u म्हणजे व्हॉल्व्हचं आउटपुट, e1 आणि e2 म्हणजे मागच्या दोन हिशोबांतले एरर, Kp म्हणजे गेन, Ti आणि Td म्हणजे इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्हचे टाइम, T म्हणजे दोन हिशोबांमधला वेळ:

```
e = SP - PV
if AUTO:
    du = Kp*((e-e1) + (T/Ti)*e
         + (Td/T)*(e - 2*e1 + e2))
    u = clamp(u + du, 0, 100)
else:
    u = u_manual
e2 = e1
e1 = e
```

यात साठलेली बेरीज वेगळी कुठे ठेवलेलीच नाही, जे काही आठवायचं ते u मध्येच आहे, आणि मॅन्युअलमध्ये तो u ऑपरेटरच्या हातात असतो. त्यामुळे ऑटोला टाकल्यावर आधीचं आउटपुट ४५, एरर बदललेला नाही म्हणून प्रपोर्शनलचा फरक शून्य, आणि इंटिग्रलचे ०.०३३. व्हॉल्व्ह जातो ४५.०३३ वर. एरर तसाच राहिला तर मिनिटाला २ टक्के चढतो, कोणाला कळत पण नाही कधी ऑटो झालं ते. उलट जाताना, ऑटोवरून मॅन्युअलला, u_manual मध्ये शेवटचा u आधी भरून ठेवायचा, म्हणजे तिथेही उडी नाही.

(पोझिशन फॉर्ममध्येही हे जमतं, मॅन्युअलमध्ये असताना बेरीज ६१ होऊ न देता दर वेळी ४५ वजा ४ अशी उलटी काढून भरायची. पण ते कोणीतरी आठवणीने लिहावं लागतं, आणि तिथे ते राहूनच गेलं होतं.)

कोडच्या शेवटच्या दोन ओळी बघा, त्या if च्या बाहेर आहेत, म्हणजे मॅन्युअलमध्येही चालतात. त्या चुकून ऑटोच्या आत गेल्या तर जुना एरर तसाच पडून राहतो, समजा मॅन्युअलला घेताना एरर उणे १ होता आणि आता २ आहे, तर ३ गुणिले २ म्हणजे ६ टक्क्यांची उडी पहिल्याच सेकंदाला. ट्रेंडवर ही लगेच ओळखता येते, एकच पायरी दिसते आणि पुढे सगळं सुरळीत.

आणि इंटिग्रल काढून नुसत्या प्रपोर्शनलवर हा फॉर्म चालवू नका. एरर स्थिर झाला की फरक शून्य, मग एरर २ असो नाहीतर १०, व्हॉल्व्ह हलतच नाही, कारण सेटपॉइंटशी त्याला बांधून ठेवणारी एकमेव टर्म इंटिग्रलचीच आहे.

लाँड्रीत आम्ही फॉर्म बदलला आणि झटका त्याच दिवशी गेला, पण टाकी ७९ वर येऊन बसली ती हलेना. आउटपुट ० ते ४००० अशा पूर्णांकात होतं. एरर २ असताना फरक १.३३ काउंट, त्यातला १ तरी जायचा, पण एरर १ झाला की ०.६७, आणि पीएलसी दशांश कापून त्याचा शून्य करायचा. म्हणजे एक अंश कमी आहे हे कंट्रोलरला दिसत होतं, तरी दर सेकंदाला तो शून्यच मिळवत होता. u रिअल टाइपमध्ये ठेवला आणि फक्त व्हॉल्व्हला पाठवताना पूर्णांक केला, तेव्हा टाकी ८० ला पोचली.