चांदोबा तोच, बोली वेगळी: सीमाभागातल्या एका बडबडगीताची पार्श्वभूमी

बेळगावच्या माझ्या मावशीला तिच्या आज्जीचं एक गाणं अर्धंमुर्धं आठवायचं. ‘चंदमामा बारो बारो, भागलास काय, लिंबोणीच्या झाडामागं लपायलास काय.’ पुढे कुठेतरी मामाचा वाडा आणि तूप-भाकरी. ‘बारो’ म्हणजे कन्नडमध्ये ‘ये रे’. तेवढ्यावरून घरात सगळ्यांनी ते कन्नड जोगुळ, म्हणजे अंगाई, ठरवून टाकलं होतं. खरं तर ते ‘चांदोबा चांदोबा भागलास का’ आहे.

हे शब्द असे का बदलले, ते समजायला गाणं कुठून कुठे गेलं ते पाहावं लागतं. बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता; त्या दिवशी तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याच्या कितीतरी आधीपासून खानापूर, चंदगड, गडहिंग्लज, निपाणी या गावांमध्ये सोयरिकी होत आल्या आहेत. लग्न होऊन आलेली मुलगी माहेरची गाणी तोंडपाठ घेऊन यायची आणि सासरच्या पाळण्याशी म्हणायची. शेजारीण कन्नड बोलणारी असली की तिचा एखादा शब्द त्यात बसायचा. पुढे शाळेच्या आणि बालगीतांच्या पुस्तकांनी एकच पाठ छापून घरोघरी पोचवला, तेव्हा आज्जीचं म्हणणं ‘चुकीचं’ वाटायला लागलं. ते चुकीचं नव्हतं. ‘लपायलास’ ही या भागातली रोजची बोली आहे, ‘काय करायलास?’ असंच इथे विचारतात.

म्हणून पहिल्या शब्दावरून गाणं शोधू नये. पहिला शब्द म्हणजे हाक, आणि हाक प्रत्येक घरी आपापली असते. झाडाचंही तसंच: कुठे निंबोणी, कुठे लिंबोणी, कोणी त्याला कडुनिंब समजतं, कोणी लिंबाचं झाड. रोटीच्या जागी भाकरी येते, कारण बाळाला जे भरवायचं तेच गाण्यात येणार.

टिकतं ते यमक, आणि टाळ्या. मावशीला मी टाळी धरून म्हणायला सांगितलं. चंदमामा, बारो-बारो, भागलास, काय: चार टाळ्या. छापील पाठात चांदोबा, चांदोबा, भागलास, का: चारच. तूप, भाकरी, खाऊन, जा: पुन्हा चार. ‘मामाचा वाडा चिरेबंदी’ मात्र तीन टाळ्यांत संपतं आणि चौथी टाळी रिकामी पडते. शेवटच्या ‘तुपात पडली माशी, चांदोबा राहिला उपाशी’ या जोडीतही तसंच होतं. भरलेल्या आणि रिकाम्या टाळ्यांची ही मांडणी बोली बदलली तरी हलत नाही.

चालीवर मात्र फार भिस्त ठेवू नये. हेच शब्द भरवताना झटपट म्हणतात आणि पाळण्याच्या झोक्यावर लांबवतात, त्यामुळे एकाच घरात दोन चाली ऐकू येतात. मावशीच्या आठवणीत शेवटची जोडी नव्हतीच. झोपणाऱ्या लेकरापुढे ‘उपाशी’ म्हणायचं नाही, असा तिच्या आज्जीचा कटाक्ष होता.

आणखी एक फसगत होते. ‘निंबोणीच्या झाडामागे’ एवढंच आठवणाऱ्याला बहुतेक वेळा 1977च्या ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ या चित्रपटातलं, मधुसूदन कालेलकरांनी लिहिलेलं आणि सुमन कल्याणपूर यांनी गायलेलं गाणं सापडतं. तिथे चंद्र झोपलेला आहे. बडबडगीतात तो लपलाय आणि त्याला जेवायला बोलावलंय. आठवणीत मामाचा वाडा किंवा तूप असेल, तर ते जुनं गाणं.

शब्द परका वाटला की तो शेजारच्या कन्नडचाच, असंही धरू नये. विटीदांडूतलं ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ कन्नडच्या ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु यांच्यापेक्षा तेलुगूच्या ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु यांच्या किती जवळचं आहे ते पाहा. मावशीच्या गाण्यात ‘बारो’ खरोखर कन्नड आहे, पण तो हाकेपुरता. बाकीची क्रियापदं आणि यमकं सगळी मराठी.

एक ओळ तरी अडलीच होती. ‘लिंबोणीचं झाड’ म्हणून झालं की मावशी नुसतं हुं हुं करायची. पुढची ओळ ‘चिरेबंदी’वर संपते, म्हणजे इथेही ‘-अंदी’ हवं आणि चौथी टाळी रिकामी हवी. छापील पाठात तिथे ‘करवंदी’ आहे. निंबोणीचं झाड करवंदी कसं, याचा अर्थ लावायला जाऊ नये. यमकासाठी आलेला शब्द आहे. पण म्हणूनच तो पक्की खूण आहे, कारण दोन वेगळ्या गाण्यांना तो आपापला सुचणं कठीण. मी तो मुद्दाम सांगितला नाही, टाळ्याच चालू ठेवल्या. तिसऱ्या खेपेला मावशीच म्हणाली, “करवंदी! अगं, आज्जी खानापूरकडची, करवंदं आणायची की ती.”