चार्जिंगला लावलेली बॅटरी पेटली तर पहिल्या मिनिटांत काय करायचं

सप्टेंबर २०२२ मध्ये वसईतल्या एका घरात रात्री हॉलमध्येच स्कूटरची बॅटरी काढून चार्जिंगला लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी दगावला. आता फोन, पॉवर बँक आणि स्कूटरची बॅटरी एकाच घरात रोज चार्जिंगला लागतात. तिन्हींमध्ये साधारण एकाच जातीचे लिथियम-आयन सेल असतात, पण पेट घेतल्यावर तिघांशी सारखंच वागून चालत नाही.

घरात काही पेटलं की आपला हात आपसूक गोधडी किंवा चादरीकडे जातो. हवा तोडली की आग विझते, हे आपण लहानपणापासून शिकलोय. कढईतल्या तेलाच्या बाबतीत ते खरंही आहे. या बॅटरीच्या आत मात्र आगीला बाहेरून उष्णता देण्याची गरज उरलेली नसते. सेलमध्ये दोन ध्रुवांच्या मध्ये प्लॅस्टिकचा एक अगदी पातळ पडदा असतो. सेल १३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापला की तो वितळायला लागतो. दोन्ही बाजू एकमेकींना भिडतात, आतल्या आत शॉर्ट सर्किट होतं आणि तापमान भराभर चढतं. पुढे धन ध्रुवातलं रसायन फुटून थोडा प्राणवायूही तिथेच तयार होतो. म्हणून गोधडी टाकली तर वरची ज्योत क्षणभर दबेल, पण उष्णता आत कोंडली जाईल आणि शेजारचा सेलही तापून फुटेल. वाळूचंही तेच. पावडरचं किंवा कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक नळकांडं ज्योत पाडतं आणि आजूबाजूच्या पडद्याला, गादीला लागलेल्या आगीवर उपयोगी पडतं, पण ते सेलला थंड करत नाही. आणि इथे काम आहे ते थंड करण्याचंच.

थंड करायला घरात पाण्यासारखं दुसरं काही नाही. ‘लिथियमवर पाणी टाकलं की भडका उडतो’ ही भीती शाळेतल्या प्रयोगातून आली आहे. तो प्रयोग शुद्ध लिथियम धातूचा असतो. फोनच्या बॅटरीत लिथियम असतं ते मुख्यतः संयुगांच्या रूपात. विमानात प्रवाशाचा फोन पेटला तर कर्मचाऱ्यांनाही त्यावर पाणी किंवा मद्य नसलेलं दुसरं पेय ओतायला शिकवलेलं असतं. बर्फ ठेवायचा नाही आणि वस्तू झाकायची नाही, हेही सांगितलेलं असतं, कारण दोन्हींमुळे उष्णता आत अडकते.

आता प्रसंग धरा. २०,००० एमएएचची पॉवर बँक पलंगाशेजारच्या स्टुलावर चार्ज होतेय. आधी ती फुगते. मग बारीक ‘स्स्स’ असा आवाज येतो, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर उग्र वास सुटतो आणि कडेच्या फटीतून पांढरट धूर येतो. ज्योत अजून दिसत नाही. हा धूर म्हणजे नुसती वाफ नव्हे, तो स्वतः पेट घेणारा वायू आहे. पुढच्या काही सेकंदांतही भडका उडू शकतो, त्यामुळे वाकून बघायचं नाही आणि हातात घेऊन गॅलरीकडे पळायचंही नाही. हातात असतानाच पेटली तर भाजून हातातून सुटते, आणि ती पडते नेमकी सोफ्यावर नाहीतर पायावर. फोन हातात असताना धुमसायला लागला तर तो तिथेच मोकळ्या फरशीवर टाकून मागे सरायचं.

सर्वात आधी मुलांना, म्हाताऱ्यांना खोलीबाहेर काढायला सांगा आणि बोर्डावरचं बटण बंद करा. वायर ओढू नका. बटण आगीच्या अगदी जवळ असेल तर एमसीबी पाडा. पाणी टाकण्यापूर्वी हे करायचं कारण धोका पॉवर बँकेच्या ५ व्होल्टांचा नाही, भिंतीतल्या २३० व्होल्टांचा आहे. वीज तोडता येत नसेल तर पाणी टाकू नका, बाहेर पडा. तोडता आली तर चार-पाच फुटांवरून पाणी ओता आणि ज्योत विझली तरी ओतत राहा. या आकाराच्या पॉवर बँकेत अनेक सेल असतात आणि ते एकदम न पेटता एकामागून एक फुटू शकतात. पहिल्या तांब्याने ज्योत गेली म्हणून थांबलेला माणूस दुसऱ्या फुटण्याच्या अगदी समोर उभा असतो.

किती पाणी लागेल? या पॉवर बँकेत साठलेली वीज सुमारे ७४ वॉट-तास, म्हणजे २६६ किलोज्यूल. एक लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत न्यायला जवळपास तेवढीच उष्णता लागते. आतलं द्रावण जळताना निघणारी उष्णता याच्या कितीतरी पट असते आणि ओतलेलं बरंचसं पाणी वाहून जातं, म्हणून बादलीभर तरी हवंच. दोन मिळाल्या तर उत्तम. म्हणजे हा सामना घरातल्या माणसाच्या आवाक्यातला आहे, पण त्यालाही अट आहे: दार तुमच्या पाठीमागे मोकळं असलं पाहिजे आणि खोली धुराने भरलेली नसली पाहिजे.

स्कूटरची बॅटरी साधारण २ ते ४ किलोवॉट-तासांची. ३ किलोवॉट-तास धरले तर अशा चाळीस पॉवर बँका एकाच पेटीत, आणि ती पेटी पाणी आत जाऊ नये म्हणूनच बंद केलेली! बादलीचं पाणी वरून ओघळून जातं, आतल्या सेलपर्यंत पोचतच नाही. त्यात पेटलेले सेल पेटीतून उडून खोलीभर पडू शकतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: स्कूटरच्या पेटलेल्या बॅटरीशी घरच्या माणसाने झुंजू नये. ती ओढत बाहेर नेण्याचा प्रयत्नही करू नये. सगळ्यांना बाहेर काढा, येताना त्या खोलीचं दार ओढून घ्या, वाटेत सहज हाताला लागला तर मेन स्विच पाडा, आणि बाहेर आल्यावर १०१ किंवा ११२ ला फोन करा. ‘लिथियम बॅटरी पेटली आहे’ हे शब्द त्यात असू द्या, म्हणजे जवान तयारीने येतात.

दार ओढून घेणं यासाठी की जीव घेतो तो बहुधा धूर. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन फ्लोराइडसारखा फुफ्फुसं पोळणारा वायूही असतो. त्याच सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादेत ई-स्कूटरच्या शोरूममध्ये आग लागली, धूर जिन्यातून वरच्या हॉटेलात चढला आणि आठ जण गेले. आपल्याकडे चाळीत, वन बीएचकेत बॅटरी चार्जिंगला ठेवायची सोयीची जागा म्हणजे दाराजवळचा पॅसेज किंवा जिन्याखालचा कोपरा. नेमकी हीच जागा सर्वात वाईट, कारण पेटल्यावर बाहेर पडायची वाट तीच अडवते. तसं झालंच तर आगीवरून उडी मारू नका. आतल्या खोलीत जा, दार लावा, फटीत ओली चादर कोंबा आणि खिडकीतून हाक द्या.

आग विझल्यावरही बॅटरीवर विश्वास ठेवू नका. अर्धवट जळलेले सेल काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटतात. फोन किंवा पॉवर बँक तासभर तरी हलवू नका. मग लांब चिमट्याने उचलून पाण्याच्या बादलीत बुडवा आणि बादली उघड्यावर, माणसांपासून लांब ठेवा. कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. स्कूटरची बॅटरी अग्निशमन दलाच्या ताब्यात द्या. कुणी भाजलं असेल तर जखमेवर २० मिनिटं नळाचं वाहतं पाणी, टूथपेस्ट किंवा हळद नाही. धूर छातीत गेलेल्या माणसाला लगेच काही जाणवलं नाही तरी दवाखान्यात दाखवा, कारण या वायूंनी आलेली फुफ्फुसांची सूज काही तासांनी वर येऊ शकते.